पैसे कोण देणार? व्हिसाच्या खिडकीवरचा प्रश्न

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत विद्यार्थी व्हिसाची मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपते. बरोबर नेलेली जाडजूड फाईल पुष्कळदा उघडलीही जात नाही. अधिकाऱ्यासमोर विद्यार्थ्याने आधीच भरलेला डीएस-160 हा अर्ज असतो, विद्यापीठाने दिलेला आय-20 असतो, आणि निर्णय मुख्यतः तोंडी उत्तरांवर होतो. म्हणून तयारी कागदांची नव्हे, तर कागदांत जे लिहिले आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगण्याची करावी लागते.

व्यापारी घरांतील मुले नेमकी ‘पैसे कोण देणार’ या प्रश्नाशी अडखळतात. पैसा नसतो म्हणून नव्हे. तो कोठे व कोणाच्या नावावर आहे हे त्यांना ठाऊक नसते म्हणून. नोकरदाराचा मुलगा वडिलांचा पगार एका वाक्यात सांगतो. पेढीवरचा पैसा मात्र मालात, उधारीत आणि जागेत अडकलेला असतो. काही वडिलांच्या नावे, काही काकांच्या, काही अविभक्त हिंदू कुटुंबाच्या खात्यात. घरी हा एकच पैसा समजला जातो. खिडकीपलीकडच्या माणसाला तसे वाटत नाही.

उदाहरणादाखल सांगलीतील हळदीच्या एका अडत दुकानाचा विचार करू. मुलगा बी.कॉम. झालेला, पुरवठा साखळी व्यवस्थापनात एम.एस. करण्यास निघालेला. आय-20 वर पहिल्या वर्षाचा खर्च 48,000 डॉलर; डॉलरला 90 रुपये धरले तर 43 लाख 20 हजार. वडिलांच्या विवरणपत्रात वार्षिक उत्पन्न 14 लाख. मुलगा म्हणाला, “माझे वडील मोठे व्यापारी आहेत, पैशाची अडचण नाही,” तर 14 आणि 43 यांतील दरी तशीच उघडी राहते. त्यातून बँकखात्यात मागच्याच महिन्यात 30 लाख एकरकमी जमा झालेले असतील, तर ते उसने आणले असावेत अशी शंका येणे स्वाभाविक आहे. रक्कम खरोखर माल विकून आलेली असेल, तर विक्रीची बिले आणि पेढीच्या खात्याचा उतारा जवळ असावा, आणि मुलाला ते एका वाक्यात सांगता यावे.

त्याचे नीट उत्तर असे होईल: “पहिल्या वर्षासाठी 25 लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर आहे. उरलेले वडिलांच्या मुदत ठेवींतून. त्या 22 लाखांच्या आहेत. दुसऱ्या वर्षाला दुकानाचे उत्पन्न आणि काकांची मदत.” यात मोठेपणा नाही, पण बेरीज जुळते. मात्र काका खर्च उचलणार असतील, तर डीएस-160 मध्ये आणि विद्यापीठाला दिलेल्या कागदांत त्यांचे नाव आधीच हवे. अर्जात एक व तोंडी दुसरे, ही विसंगती लगेच दिसते. सनदी लेखापालाचे मालमत्तेचे प्रमाणपत्र उपयोगी खरे, पण शेतजमीन आणि दुकानाची किंमत म्हणजे फी भरण्याची रोकड नव्हे.

अभ्यासक्रमाच्या प्रश्नाला एजंटाने पाठ करून दिलेली ‘उत्तम प्राध्यापक, जागतिक दर्जा’ ही उत्तरे अधिकारी दिवसभर ऐकत असतो. सांगलीच्या मुलाकडे त्याहून चांगले उत्तर घरातच आहे: हळद महिनोन्महिने साठवून ठेवावी लागते, भाव वायदेबाजाराबरोबर हलतो, आणि माल कधी सोडायचा हे आजही अंदाजाने ठरते. साठ्याचे नियोजन आणि मागणीचा अंदाज शिकवणारे दोन विषय त्याला नावानिशी सांगता आले, की बी.कॉम.नंतर हाच अभ्यास का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

परतण्याचा प्रश्न कायद्यातूनच येतो. 1952 च्या अमेरिकन कायद्याचे कलम 214(बी) अर्जदाराला कायमचा स्थलांतरित होऊ पाहणारा असेच धरून चालते. तसे नाही हे पटवण्याचे ओझे अर्जदारावर असते. येथे ‘आमची चार दुकाने आहेत’ एवढे सांगून भागत नाही, विशेषतः थोरला भाऊ ती आधीच सांभाळत असेल तेव्हा. परतून हा स्वतः काय करणार, हे सांगावे लागते. शिक्षणानंतर वर्षभर कामाचा अनुभव घेण्याची मुभा नियमांतच आहे. त्याविषयी विचारले तर ते नाकारू नये. मामा न्यू जर्सीत असतील तर तेही लपवू नये; अर्जात अमेरिकेतील नातेवाइकांविषयी प्रश्न असतो. मामांनी पूर्वी कधी आईसाठी स्थलांतराचा अर्ज केला असल्यास ती गोष्ट मुलाला घरातच कळलेली बरी. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यावर कायमची बंदी येऊ शकते. साध्या नकाराने तसे होत नाही.

214(बी) खाली नकार मिळाला तर त्यावर अपील नाही. पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करता येतो, पण त्याच उत्तरांसह लगेच गेल्यास निकालही बहुधा तोच लागतो. काही कागद किंवा परिस्थिती बदलली असेल, कर्ज नव्याने मंजूर झाले असेल, किंवा पहिल्या वेळी काय सांगायचे राहिले हे नेमके उमगले असेल, तेव्हाच पुढची तारीख घ्यावी.