भेगांचा हिशेब

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या रानात एप्रिल उजाडला की भुईला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ऊन जास्त म्हणून भेगा जास्त, असा आपला समज असतो. तसे असते तर त्याच उन्हात मुरमाड माळही तसाच फाटला असता. तो फाटत नाही, कारण भेगेचे मूळ मातीत आहे. मातीने किती पाणी धरले होते आणि ते गेल्यावर ती किती आक्रसली, याचा तो हिशेब असतो.

काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मधेही शिरते. ओली माती सुकू लागते तेव्हा सुरुवातीला पाण्याची जागा हवा घेत नाही. कणच एकमेकांजवळ ओढले जातात. त्यामुळे जेवढे पाणी जाते, जवळजवळ तेवढेच मातीचे आकारमान घटते. पुढे एक क्षण असा येतो की कण आणखी जवळ येऊ शकत नाहीत. तिथून पाणी गेले तरी माती आक्रसत नाही, पोकळ्यांत हवा शिरते आणि रंग फिकट होतो. त्या क्षणीच्या ओलाव्याला ‘आकुंचन मर्यादा’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. 100 ग्रॅम कोरड्या मातीतल्या घन कणांचे आकारमान साधारण 37 घनसेंटिमीटर असते. तिने 35 ग्रॅम पाणी पूर्ण भरून घेतले असेल, तर एकूण आकारमान 72 होईल. आकुंचन मर्यादा 10 टक्के धरली, तर तिथे ते 47 वर येऊन थांबेल, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. शेतात माती एवढी क्वचितच सुकते. पण ओलावा 20 टक्क्यांवर आला तरी आकारमान 57 उरते आणि प्रत्येक बाजू सुमारे साडेसात टक्क्यांनी आखडते. मीटरभर रुंदीच्या ढेपेमागे ही सात सेंटिमीटरची फट झाली.

ती फट भेग का होते? उभ्या दिशेने माती नुसती खाली बसते. आडव्या दिशेने मात्र खालचा ओला थर तिला धरून ठेवतो. ओढ वाढत जाते आणि ताण सोसण्याची ताकद मातीत फारच कमी असल्याने ती फाटते. एकदा भेग पडली की तिच्या दोन्ही भिंतींतून वाफ निघते आणि भेग खोल जाते.

शेतात ही भेग पहिल्या चांगल्या पावसात मिटते. घराखाली मात्र तिची किंमत मोजावी लागते. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असल्याने ओलसर राहते. कडेची सुकते आणि कोपरे खाली बसतात. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो, वर रुंद आणि खाली अरुंद. तो उन्हाळ्यात उघडत आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर दोष बहुधा गिलाव्याचा नसून मातीचा आहे. तो दरवर्षी सिमेंटने बुजवण्यात अर्थ नाही. घरालगतच्या भेगांत दगड-खडी भरणे तर घातकच. पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीला जागा उरत नाही आणि ती पायाच्या भिंतीला रेटते.

उपाय माहीत आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले खांब पाया सुमारे साडेतीन मीटर खाली नेतात, जिथे ओलावा फारसा बदलत नाही. साधी घरे बांधताना काळी माती काढून न फुगणारा चिकट मुरूम दाबून भरता येतो. जोत्याभोवती पाणी न मुरू देणारी रुंद फरशी आणि झाडे लांब ठेवणे, हे तर कुणालाही जमेल.

अडचण वेगळीच आहे. मोठ्या इमारतीसाठी माती तपासली जाते, पण लहान घराचा पाया बऱ्याचदा गवंड्याच्या अंदाजावर घातला जातो. साधी चाचणी तर अशी आहे: मातीचा चाळून घेतलेला, पातळसर कालवलेला लगदा तेल लावलेल्या 14 सेंटिमीटरच्या पन्हळीत भरायचा, आधी सावलीत आणि मग भट्टीत सुकवायचा आणि लांबी मोजायची. ती एक सेंटिमीटरहून अधिक घटली, तर माती धोक्याची समजावी आणि अभियंत्याचा सल्ला घ्यावा. काळ्या मातीच्या तालुक्यांत घरकुलाचा पहिला हप्ता देण्याआधी एवढी नोंद मागायला हवी. पन्हळीचा खर्च दरवर्षीच्या गिलाव्यापेक्षा कमीच असेल.