मुलांची साखर आणि मोठ्यांची पट्टी

कल्याण, डोंबिवली वा ठाणे येथील एखाद्या प्रयोगशाळेतून मुलाच्या रक्तातील साखरेचा अहवाल हाती येतो, तेव्हा उजवीकडच्या रकान्यात बहुधा एकच मर्यादा छापलेली असते : उपाशीपोटी ७० ते १०० मिलिग्रॅम. चार वर्षांची मुलगी असो, तेरा वर्षांचा मुलगा असो की पन्नाशीतला त्याचा बाप असो, पट्टी तीच. आकडा १०३ आला की तो ठळक अक्षरांत उमटतो आणि घरात ‘मधुमेहपूर्व अवस्था’ हा शब्द शिरतो. स्थूल मुलांची साखर तपासावी असा आग्रह आता वरचेवर धरला जात आहे. तो अवाजवी नाही. परंतु तपासणीआधी आकडा वाचायचा कसा, हे ठरायला हवे.

ही पट्टी आली कोठून? उपाशीपोटी १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, ही मर्यादा अमेरिकन मधुमेह संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९७ साली ठरविली. तोपर्यंत ती १४० होती. तिच्यामागे प्रौढांच्या डोळ्यांच्या तपासण्या होत्या. कोणत्या आकड्यानंतर दृष्टिपटलाला इजा झालेली अधिक आढळते, हे पाहून रेघ ओढली गेली. मधुमेहपूर्व अवस्थेची खालची मर्यादा २००३ साली ११० वरून १०० वर आणली गेली, तीही पुढे कोणाला मधुमेह होतो याच्या प्रौढांवरील अभ्यासांवरून. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ११० हाच आकडा कायम ठेवला आहे. मुलांसाठी असे स्वतंत्र पुरावे नसल्याने हेच आकडे त्यांनाही लावले गेले. सोयीसाठी ते ठीक. पण १०० ते १२५ या पट्ट्याला मुलांच्या बाबतीत प्रौढांइतके वजन देता येत नाही.

कारण मुलाचे शरीर म्हणजे प्रौढाची लहान प्रत नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि यकृतातील साखरेचा साठा लहान. रात्री न जेवता झोपलेल्या अशा मुलाची सकाळची साखर ६५ आली, तर अहवाल तिला ‘कमी’ म्हणेल; मूल हसतेखेळते असेल तर तो बहुधा आजार नसतो. वय वाढते तशी उपाशीपोटीची साखर हळूहळू चढते. वयात येताना वाढीच्या संप्रेरकामुळे इन्शुलिनचा प्रभाव तात्पुरता सुमारे एक-तृतीयांशाने घटतो आणि स्वादुपिंडाला तेवढे अधिक इन्शुलिन पुरवावे लागते. वयात येणे पूर्ण झाले की ही स्थिती बरीचशी पूर्ववत होते. म्हणूनच तेराव्या वर्षी १०३ असलेली साखर सोळाव्या वर्षी ९२ होऊ शकते. १२६ च्या वरचा आकडा मात्र ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. सातवीतला बारा वर्षांचा मुलगा, उंची दीडशे सेंटिमीटर, वजन ५८ किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की निर्देशांक येतो २५.८. प्रौढाच्या पट्टीवर हा किंचित जादा वजनाचा माणूस. पण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांत ५ ते १८ वयासाठी दोन रेघा आहेत : प्रौढाच्या २३ आणि २७ या निर्देशांकांशी जुळणाऱ्या, वयानुसार चढत जाणाऱ्या. बारा वर्षांसाठी हा मुलगा वरच्या रेघेच्याही वर आहे; म्हणजे स्थूल. वडिलांना मधुमेह आहे आणि मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसतो. तो मळ नसून इन्शुलिनचा प्रभाव घटल्याची खूण आहे. या मुलाची तपासणी झालीच पाहिजे. आकडा येतो १०८.

येथे घाई नको. सकाळी दुधाचा घोट घेतला होता काय? गेल्या आठवड्यात ताप होता काय, दम्यासाठी स्टेरॉइड चालू होते काय? या साऱ्यांनी साखर वाढते. उलट, रक्त फ्लोराइडविरहित नळीत ठेवले आणि तासन्‌तास वेगळे केले नाही, तर रक्तपेशीच साखर खातात आणि आकडा दर तासाला पाच ते सात टक्क्यांनी खोटा उतरतो. म्हणून आठ तासांच्या उपासानंतर पुन्हा तपासणी हवी. शंका राहिलीच तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी चाचणी करावी. तीत किलोमागे पावणेदोन ग्रॅम, पण ७५ पेक्षा अधिक नाही, असे ग्लुकोज द्यायचे असते. या मुलाला ७५ ग्रॅमच मिळेल. पण तीस किलोच्या मुलीला साडेबावन्नच द्यायला हवे. तिला सरसकट ७५ ग्रॅम पाजले तर निकालाला अर्थ उरत नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी सोयीची खरी, पण रक्तात लोह कमी असेल तर ती खोटी वाढते, आणि आपल्या किशोरी मुलींत रक्तक्षय किती आहे हे शिक्षकांना ठाऊक आहे. शेजारच्या उल्हासनगरात मोठ्या संख्येने असलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. त्यांच्या बाबतीतही हा आकडा फसवू शकतो.

मग तपासावे कोणाला? अमेरिकन संघटनेचा नियम असा : दहा वर्षांवरील किंवा त्याआधीच वयात येऊ लागलेले, जादा वजनाचे आणि शिवाय जवळच्या नात्यात मधुमेह, आईला गरोदरपणी मधुमेह, मानेवरील काळा पट्टा वा वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असलेले मूल. साखर निर्दोष निघाली तरी तीन वर्षांनी पुन्हा पाहावी. लक्षणे नसलेल्या सर्वच मुलांना तपासावे एवढा पुरावा अद्याप नाही, असे तेथील दुसऱ्या एका सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०२२ साली म्हटले आहे.

परंतु आपल्याकडे ‘फक्त स्थूल’ ही चाळणीही अपुरी पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. अठराव्या वर्षी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर वाढलेली आढळली, आणि यांतील जवळजवळ निम्मी मुले कमी वजनाची होती! २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत असेही दिसले की, सहाव्या व बाराव्या वर्षी ज्यांची साखर सर्वांत वरच्या चतुर्थांशात होती, त्यांनाच पुढे धोका अधिक होता. म्हणजे १०० च्या आतली साखरही समवयस्कांच्या तुलनेत चढती असली तर बोलते.

कल्याण-डोंबिवलीतील शाळांनी सर्वांची बोटे टोचण्याऐवजी वर्षातून एकदा उंची व वजन नीट मोजून तक्त्यावर टिंब मांडावे, मान पाहावी, आईच्या गरोदरपणातील साखर व बाळाचे जन्मवजन विचारावे. निवडलेल्या मुलांनाच, मग ती बारीक का असेनात, प्रयोगशाळेत पाठवावे. प्रयोगशाळांनी अहवालावर वय छापावे आणि बालकांच्या आकड्याखाली ‘वयानुसार पाहावे, पुन्हा तपासावे’ एवढे लिहावे. एका गोष्टीत मात्र प्रतीक्षा नको : मूल सारखे पाणी मागते, रात्री लघवीला उठते, वजन उतरते, तर उपास न धरता त्याच दिवशी साखर पाहावी. तेथे विलंब जीवघेणा ठरू शकतो.