वेळेचे लेखापरीक्षण : कोणते काम ठेवावे, कोणते सोडावे

परिव्यय लेखाशास्त्रातील एक जुना नियम व्यापाऱ्याला सहज पटतो. जो घटक अपुरा असेल, त्याच्या प्रत्येक एककामागे किती प्राप्ती होते ते पाहून मालाचा क्रम लावावा. दुकानात जागा कमी असेल, तर एकूण नफा अधिक देणारा माल पुढे ठेवायचा नसतो. प्रत्येक चौरस फुटामागे अधिक नफा देणारा माल पुढे ठेवायचा असतो. भांडवल अपुरे असेल, तर अडकलेल्या प्रत्येक रुपयामागची प्राप्ती पाहायची असते. मात्र पेढीच्या मालकाचा सर्वांत अपुरा घटक म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ, आणि त्याला हा नियम क्वचितच लावला जातो. भांडवल कर्जाने मिळते, जागा भाड्याने मिळते. वेळेची तशी सोय नाही.

वेळ खाणारी कामे बहुधा एकदाच उद्भवणारी नसतात. दर आठवड्याची फेरी, दररोजचा ताळा, दर पंधरवड्याची बैठक अशी कामे कधीकाळी योग्य कारणाने सुरू झालेली असतात आणि कारण संपल्यावरही चालू राहतात. नव्या खर्चाला मालक दहा प्रश्न विचारतो; जुन्या नेमाला एकही विचारत नाही. म्हणून वर्षातून एकदा अशा सर्व नेमांचे लेखापरीक्षण करून मूल्यानुसार क्रम लावणे उपयुक्त ठरते.

पहिली पायरी नोंदीची. व्यवस्थापनशास्त्रज्ञ पीटर ड्रकर यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या पुस्तकात आग्रह धरला होता की, वेळेची नोंद काम होत असतानाच करावी, आठवणीतून नव्हे. रोजमेळ जसा महिनाअखेरीस आठवून लिहीत नाहीत, तसेच हे आहे. चार आठवड्यांची नोंद पुरते. मात्र तो काळ दिवाळीचा, लग्नसराईचा किंवा मार्चअखेरचा नसावा. प्रवास, वाट पाहणे आणि कामानंतरच्या गप्पा हेही त्या कामाच्याच खाती लिहावे.

उदाहरणादाखल सांगलीतील एका कापडाच्या घाऊक पेढीचे मालक घेऊ. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. त्यांच्या चार आठवड्यांच्या नोंदीत पाच नेम आढळले. दर आठवड्याला इचलकरंजीला अस्तर व पॉपलिनच्या खरेदीसाठी जाणे : प्रवासासह सहा तास, म्हणजे महिन्याला २४ तास. आठवड्यातून एकदा तीन तासांची वसुलीची फेरी : १२ तास. दुकान बंद झाल्यावर रोजमेळाचा ताळा, दररोज एक तास : २६ तास. एका पतसंस्थेच्या संचालक मंडळाच्या दोन बैठका : ८ तास. बँकेसाठी स्टॉक स्टेटमेंट तयार करणे : ३ तास. एकूण ७३ तास.

क्रम लावण्यापूर्वी काही नेम यादीतून बाजूला काढावे लागतात. येथेच सर्वांत महागडी चूक होऊ शकते. स्टॉक स्टेटमेंटकडे पाहा. ते वेळेवर दिल्याने महिन्याला एक रुपयाही मिळत नाही; निव्वळ प्राप्तीने क्रम लावला, तर ते तळाशी जाईल. परंतु कॅश क्रेडिट खात्याची ड्रॉइंग पॉवर त्याच विवरणावरून ठरते. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार तीन महिन्यांहून जुन्या विवरणावर आधारलेली उचल अनियमित मानली जाते, आणि अशी अनियमित उचल सलग ९० दिवस चालू राहिली, तर व्यवसाय उत्तम चालत असतानाही खाते अनुत्पादक ठरू शकते. ज्या कामाचे मूल्य प्राप्तीत नसून टळलेल्या हानीत असते, त्याचा क्रम लावू नये. विवरणपत्रे, कर, विमा, कर्जाचे हप्ते ही कामे या वर्गात येतात. ती रद्द होत नाहीत. कधीकधी त्यांची वारंवारता मात्र कमी करता येते. पाच कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या करदात्यांना जीएसटीची विवरणपत्रे तिमाही भरण्याची सवलत जानेवारी २०२१ पासून उपलब्ध आहे. त्यातही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर दरमहा भरावाच लागतो. पूजा, स्वाध्याय, आजारी माणसाची सेवा यांनाही या यादीत स्थान नाही. त्यांची किंमत रुपयांत करायची नसते.

आता उरलेल्या कामांचे मूल्य. येथे पहिला प्रश्न असा की, हे काम केलेच नाही तर नेमके काय जाईल? वसुलीच्या फेरीत मालक महिन्याला चार लाख रुपये आणतात, म्हणून हे काम चार लाखांचे असे त्यांना वाटत होते. पण ते पैसे पेढीचेच आहेत. फेरी केली नाही तर ते बुडत नाहीत, उशिरा येतात. सुमारे महिनाभराचा उशीर आणि बँकेचा १२ टक्के व्याजदर धरला, तर फेरीचे मूल्य चार लाखांवरील एका महिन्याचे व्याज, म्हणजे चार हजार रुपये ठरते. बुडीत होण्याची भीती खरोखर असलेले एखादे खाते असेल, तर त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा.

दुसरा प्रश्न असा की, हे काम दुसरा कोणी करू शकेल काय, आणि किती खर्चात? दुसऱ्याकडून होऊ शकणाऱ्या कामाचे मूल्य त्याला द्याव्या लागणाऱ्या मोबदल्याहून अधिक धरता येत नाही. रोजमेळाचा ताळा दिवाणजी तासाला १०० रुपये जादा घेऊन करणार असतील, तर मालकाच्या त्या तासाचे मूल्य १०० रुपयेच. काम महत्त्वाचे असणे आणि ते मालकानेच करणे महत्त्वाचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी दक्षता सरासरीविषयी. इचलकरंजीच्या फेऱ्यांमुळे खरेदीत महिन्याला सुमारे २४ हजार रुपये वाचतात, म्हणजे तासाला एक हजार. हे वाचून कोणीही त्या फेऱ्यांना हात लावणार नाही. परंतु नोंदवही उघडली तेव्हा असे दिसले की, मोठे सौदे चारांपैकी दोनच फेऱ्यांत झाले होते. बचतीपैकी २१ हजार त्यांतून आले, उरलेल्या दोन फेऱ्यांतून केवळ तीन हजार. म्हणजे पहिल्या १२ तासांचे मूल्य तासाला १,७५० रुपये आणि नंतरच्या १२ तासांचे २५० रुपये. वसुलीतही तेच. तीन खाती प्रत्यक्ष गेल्याशिवाय हलत नाहीत. त्यांत चार तास जातात आणि तीन हजारांचे व्याज वाचते. उरलेली सात खाती आठ तास घेतात आणि एक हजार वाचवतात. म्हणून क्रम संपूर्ण नेमाचा न लावता त्याच्या भागांचा लावावा. बहुतेक वेळा नेम पूर्ण तोडायचा नसतो, त्याची शेपटी छाटायची असते.

उतरता क्रम असा झाला : पहिल्या दोन फेऱ्या १,७५०, तीन खात्यांची वसुली ७५०, उरलेल्या दोन फेऱ्या २५०, सात खात्यांची वसुली १२५, रोजमेळाचा ताळा १००. रेघ कोठे ओढायची, हे यादी सांगत नाही. ते बाहेर थांबलेले काम सांगते. या मालकांना तासगाव, मिरज भागातील नवे दुकानदार जोडायचे होते, आणि त्यातून तासाला सुमारे ४०० रुपये सुटतील असा त्यांचा अंदाज होता. म्हणून रेघ ४०० वर. बाहेर कोणतेच काम थांबलेले नसेल, तर छाटणीला आर्थिक आधार राहत नाही.

रेघेखालचे २० तास फेऱ्यांचे व वसुलीचे आहेत. ते सोडल्यास चार हजार रुपये जातात. नव्या दुकानदारांकडे लावल्यास आठ हजार येतात. रोजमेळाच्या तासाचा हिशेब मात्र असा करता येत नाही. रात्री दुकान बंद झाल्यानंतरच्या सुट्या एका तासात तासगाव गाठता येत नाही. सुटलेला प्रत्येक तास सारख्याच उपयोगाचा नसतो. सलग सहा तास आणि सहा वेळचा एकेक तास यांत मोठा फरक आहे. महिन्यातील दोन दिवस अचानक स्वतः ताळा घेण्याचे ठरवले, तर २४ तास दिवाणजींकडे जातील आणि २,४०० रुपये खर्च येईल. त्या बदल्यात व्यवसायात काहीही मिळणार नाही. मालक एक तास आधी घरी पोहोचतील एवढेच. तेवढ्यासाठी तासाला १०० रुपये द्यावेत काय, याचे उत्तर लेखाशास्त्र देत नाही. पण इतकी वर्षे तो तास याच भावाने विकला जात होता, हे ते स्पष्टपणे दाखवते.

संचालकपदासाठी तिसरा मार्ग लागतो, कारण प्रतिष्ठा आणि समाजऋण रुपयांत मोजता येत नाही. येथे दोन प्रश्न पुरतात. हे पद आज नव्याने देऊ केले तर स्वीकारले जाईल काय? आणि गेल्या सहा बैठकांत आपल्या उपस्थितीमुळे कोणता निर्णय बदलला? दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर लेखी राजीनामा द्यावा. नाव ठेवून बैठका टाळणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. त्यात वेळ वाचतो, जबाबदारी मात्र तशीच राहते.

छाटणी प्रथम एका तिमाहीपुरतीच करावी आणि चूक झाल्याची खूण आधीच लिहून ठेवावी. त्या सात खात्यांची उधारी सरासरी ४५ दिवसांत येत असेल आणि ती ६० दिवसांवर गेली, तर फेरी पुन्हा सुरू करावी. अचानक घेतलेल्या ताळ्यात दोनदा फरक आढळला, तर व्यवस्था बदलावी. संबंधांचे नुकसान मात्र उशिरा दिसते. नेहमी येणाऱ्यालाच चांगला माल आधी दाखवणारा यंत्रमागधारक तक्रार करीत नाही; तो पुढच्या हंगामात उरलेला माल दाखवतो. म्हणून इचलकरंजीच्या फेऱ्यांचा अंतिम निर्णय एक हंगाम उलटल्यावरच घ्यावा, आणि तोवर सोडलेल्या आठवड्यांत एक दूरध्वनी करण्याचे पाच मिनिटांचे काम वहीत नव्याने लिहावे.