मजले मोजायचे की क्षेत्रफळ?

परवा एका कार्यालयीन इमारतीची गणिते तपासताना एक गंमत दिसली. कॉलमची जाळी ८ × ८ मीटर, म्हणजे आतल्या कॉलमच्या वाट्याला दर मजल्यावर ६४ चौरस मीटर. साठवणीची वेगळी खोली नाही, म्हणून लाइव्ह लोड चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, मजल्यामागे २५६. गच्चीचे १.५ धरून ९६. गच्चीसह १० मजले पेलणाऱ्या टप्प्यात बेरीज २४००. आयएस ८७५ भाग २ (१९८७) प्रमाणे ४० टक्के सूट, राहिले १४४०. त्याखालच्या टप्प्यात ११ मजले, बेरीज २६५६. दहाच्या वर सूट ५० टक्के, म्हणून १३२८. एक मजला वाढला आणि भार ११२ किलोन्यूटनने घटला!

यावर उतारा त्याच कलमाखालच्या टिपेत आहे: खालचा भार वरच्यापेक्षा कमी निघाला तर वरचाच धरा. म्हणजे इथे १४४०. स्प्रेडशीटमध्ये टक्क्यांचा तक्ता असतो, ही टीप बहुधा नसते.

पण खरी खोच वेगळी आहे. ही सूट मजले मोजते, क्षेत्रफळ पाहत नाही. त्याच इमारतीच्या कोपऱ्यातल्या कॉलमला दर मजल्यावर १६ चौरस मीटरच येतात. तेवढी जागा चार कपाटे आणि एक बैठक सहज भरून टाकतात. ६४ चौरस मीटर एकाच वेळी गच्च भरणे कठीण. तरी दोघांना सूट सारखी. आणि हेच मानक तुळईच्या बाबतीत मात्र दर ५० चौरस मीटरला ५ टक्के, कमाल २५, असे क्षेत्रच मोजते!

अमेरिकेचे एएससीई ७ कॉलमलाही वाट्याचे क्षेत्र लावते. गच्ची आणि एकच मजला पेलणारा आतला कॉलम तिथे मजल्याच्या भारावर सुमारे ४६ टक्के सूट घेतो, कोपऱ्यातला १८. आपल्याकडे दोघांना १०. खाली गच्ची आणि दहा मजले पेलणाऱ्या टप्प्यात मात्र हे अंतर आटते: तिथे आतला ६०, कोपऱ्यातला ५७, आपले ५०. क्षेत्राचा फरक जाणवतो तो वरच्या मजल्यांवर.

तरीही आपला भार धरून सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सूट चालू करू नका. त्यांच्या कार्यालयाचा भार २.४, त्यावर गुणक १.६, आपला गुणक १.५. सूट त्या जोडीसाठी बेतलेली आहे. आमच्या मते आपल्या तक्त्यालाही क्षेत्राची जोड हवी, निदान कोपऱ्याच्या कॉलमसाठी. तोवर वाहनतळ आणि गोदामाचा भार सूट नसलेल्या वेगळ्या लोड केसमध्ये ठेवा, आणि कोणत्या मजल्यांवर सूट घेतली ते आराखड्यावर लिहा. पाच वर्षांनी सहाव्या मजल्यावर दप्तराच्या फायली रचणाऱ्याला दुसरीकडून ते कळणार नाही.