‘नोकरीच्या काळात कधीही’ म्हणजे नेमके केव्हा?

अमेरिकेत नोकरी स्वीकारताना सहीसाठी जो कागदांचा गठ्ठा पुढे येतो, त्यात पगार, आरोग्यविमा आणि निवृत्तिनिधी यांच्या खाली दोन-तीन पानांचा एक करार असतो. नोकरीत असताना आपण जे काही शोधून काढू, रचू किंवा रेखाटू, ते सर्व कंपनीचे, अशा आशयाचा. बहुतेक जण तो न वाचताच सही करतात. एका अमेरिकन कंपनीत बाहुल्यांचे कपडे रेखाटणाऱ्या एका कर्मचाऱ्यानेही जानेवारी १९९९ मध्ये अशीच सही केली होती. त्या सहीचा अर्थ काय, यावर पुढे दोन ज्युरी बसल्या आणि फेडरल अपील न्यायालयाला दोनदा निकाल द्यावा लागला.

कंपनी होती मॅटेल, म्हणजे बार्बीची निर्माती; कर्मचारी होता कार्टर ब्रायंट. संग्राहकांसाठी काढल्या जाणाऱ्या महागड्या बार्बींचे पोशाख आणि केशरचना हे त्याचे काम. १९९८ च्या एप्रिलमध्ये नोकरी सोडून तो मिझुरीत आईवडिलांकडे राहिला आणि जानेवारी १९९९ मध्ये पुन्हा मॅटेलमध्ये रुजू झाला. मोठे डोके, मोठे डोळे, जाड ओठ आणि रस्त्यावरच्या तरुणाईसारखे कपडे असलेल्या ‘ब्रॅट्झ’ बाहुल्यांची कल्पना आपल्याला मिझुरीतल्या त्या मधल्या महिन्यांत सुचली, असे त्याचे म्हणणे. मॅटेलचे म्हणणे, ती आमच्या पगारावर असताना सुचली.

ऑगस्ट २००० मध्ये त्याने ही कल्पना एमजीए एंटरटेनमेंट या तुलनेने लहान कंपनीपुढे मांडली. सोबत रेखाचित्रे होती आणि एक ओबडधोबड नमुना होता. नमुन्याचे डोके मॅटेलच्या टाकाऊ मालातले, धड बार्बीचे, बूट केनचे. ४ ऑक्टोबरला त्याने एमजीएशी सल्लागाराचा करार केला, त्याच दिवशी मॅटेलला दोन आठवड्यांची नोटीस दिली आणि १९ ऑक्टोबरपर्यंत तो मॅटेलमध्ये काम करत राहिला. जून २००१ मध्ये ब्रॅट्झ दुकानांत आल्या आणि बार्बीला प्रथमच खरी स्पर्धक मिळाली. २००४ मध्ये मॅटेलने ब्रायंटवर दावा लावला आणि पुढे एमजीए त्यात ओढली गेली.

पहिला खटला २००८ मध्ये चालला, तोपर्यंत ब्रायंटने मॅटेलशी तडजोड केली होती. ज्युरीने मॅटेलच्या बाजूने कौल देऊन १० कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्याहून जबर होता न्यायाधीशांचा पुढचा आदेश: ब्रॅट्झची नाममुद्रा मॅटेलकडे जावी आणि एमजीएने त्या बाहुल्या बनवणे थांबवावे. एका कर्मचाऱ्याच्या चित्रांवरून आख्खा व्यवसाय हातचा जाण्याची ही वेळ होती.

जुलै २०१० मध्ये नवव्या विभागीय अपील न्यायालयाने हे सारे फिरवले. मुख्य न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांच्या निकालपत्राचा गाभा भाषेचा आहे, आणि म्हणूनच तो कायद्याशी संबंध नसलेल्यालाही वाचनीय वाटावा. ब्रायंटच्या करारात कंपनीला दिलेल्या गोष्टींची यादी होती: शोध, सुधारणा, प्रक्रिया, डिझाइने, तांत्रिक ज्ञान, संगणक प्रणाली, सूत्रे. त्यात ‘कल्पना’ हा शब्द नव्हता. मॅटेलच्या इतर काही कर्मचाऱ्यांच्या करारांत मात्र तो स्पष्ट होता. मग ‘ब्रॅट्झ’ हे नाव आणि बाहुलीची मूळ कल्पना ब्रायंटने कंपनीला दिली होती की नाही? न्यायालय म्हणाले, करारावरून दोन्ही अर्थ निघू शकतात, तेव्हा हे ज्युरीने ठरवायला हवे होते. खालच्या न्यायालयाने ते परस्पर ठरवून टाकले, ही चूक.

चित्रांचा प्रश्न वेगळा. बाहुलीचे रेखाचित्र हे डिझाइन आहेच, त्यामुळे ते करारात बसते. परंतु करार ‘नोकरीच्या काळात कधीही’ केलेल्या कामाविषयी बोलतो. त्याचा एक अर्थ, नोकरीत रुजू झाल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा काळ, रात्री आणि शनिवार-रविवार धरून. दुसरा अर्थ, केवळ कामाचे तास. आणि ‘कधीही’ या शब्दाने फार तर जेवणाची आणि कॉफीची सुटी त्यात आली. दोन्ही वाचने शक्य आहेत, असे न्यायालयाने ठरवले. ब्रायंटने रात्री घरी बसून काढलेले चित्र कोणाचे, हे त्यामुळे पुन्हा खुले झाले. नाममुद्रा जप्त करण्याबद्दल तर न्यायालयाने मॅटेलला सुनावलेच: दोन नावे गैरमार्गाने गेली असे गृहीत धरले, तरी अब्जावधींचा हा व्यवसाय एमजीएच्या स्वतःच्या श्रमांतून उभा राहिला आहे, तो उचलून दुसऱ्याला देणे न्याय्य नाही.

वाचकांनी इथे लगेच निष्कर्ष काढू नये की रात्रीचे काम म्हणजे आपले काम. कॅलिफोर्नियाच्या श्रम संहितेतील कलम २८७० कर्मचाऱ्याला संरक्षण देते: जे पूर्णपणे स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधने, सामग्री, जागा किंवा व्यापारगुपिते न वापरता केले, ते कराराने हिरावता येत नाही. पण याच कलमात मोठा अपवाद आहे. ते काम कंपनीच्या व्यवसायाशी किंवा तिच्या चालू अथवा दिसू शकणाऱ्या भावी संशोधनाशी संबंधित असेल, तर संरक्षण संपले. बाहुल्यांच्या कंपनीतला चित्रकार रात्री बाहुल्याच काढत असेल, तर हे कलम त्याला वाचवील अशी आशा नको. शिवाय नमुन्याचे डोके कंपनीचेच होते! शोध या कलमात बसतो हे सिद्ध करण्याचा भारही कर्मचाऱ्यावरच आहे.

आपल्यापैकी जे बड्या तंत्रज्ञान कंपन्यांत आहेत, त्यांना हा अपवाद अधिक नडतो. जी कंपनी नकाशांपासून औषधांपर्यंत सर्वत्र हातपाय पसरते, तिच्या ‘व्यवसायाशी असंबंधित’ असे उरते तरी काय? वॉशिंग्टन, इलिनॉय, न्यू जर्सी आणि २०२३ पासून न्यूयॉर्क येथे कॅलिफोर्नियासारखेच कायदे आहेत, टेक्सासात नाही. तिथे करारात जे लिहिले, बव्हंशी तेच खरे. (व्हिसावर असणाऱ्यांना बाजूच्या कामाचा स्थलांतरविषयक प्रश्नही असतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

म्हणून करारासोबत येणारे ते परिशिष्ट, जिथे आधीचे शोध लिहायचे असतात, कोरे सोडणे महागात पडते. ब्रायंटचा सारा वाद एका तारखेचा होता: मिझुरी १९९८ की कॅलिफोर्निया १९९९ नंतर. रुजू होतानाच्या कागदावर ‘बाहुल्यांच्या संचाची रेखाचित्रे, १९९८’ एवढी ओळ असती, तर वादाचे रूपच बदलले असते. ओळ पुरेशी ओळख पटवणारी हवी, पण सगळे तपशील उघड करणारीही नको, कारण तो कागद कंपनीच्याच कपाटात जातो.

आता व्यापारगुपिताकडे. दुसरा खटला जानेवारी २०११ मध्ये सांता अ‍ॅना येथे सुरू झाला. एमजीएने मॅटेलचे कर्मचारी फोडून गुपिते चोरली, असा मॅटेलचा आरोप. एमजीएचा प्रत्यारोप असा, की मॅटेलची माणसे खोट्या नावांची ओळखपत्रे छापून, आपण दुकानदार आहोत असे भासवून, खेळण्यांच्या व्यापारमेळ्यांत एमजीएच्या बंद दालनांत शिरली आणि बाजारात न आलेल्या बाहुल्या, किमतींची पत्रके व जाहिरातींचे बेत पाहून आली. एप्रिलमध्ये ज्युरीने सगळा डाव उलटवला. ब्रॅट्झ मॅटेलच्या नाहीत, असे तिने सांगितलेच. शिवाय एमजीएने मांडलेल्या ११४ गुपितांपैकी २६ मॅटेलने चोरली, असा निर्णय दिला. ८ कोटी ८५ लाख डॉलरची ही भरपाई न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी थोडी घटवून साडेआठ कोटी केली, तेवढाच दंड तिच्यावर चढवला आणि वकिलांची फी व खर्च म्हणून आणखी सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर लावले.

डिझाइनाची मालकी आणि व्यापारगुपित यांतला फरक इथे दिसतो. बाहुली दुकानाच्या फळीवर मांडली की तिच्यातले गुपित संपते. तिच्या चित्रावरचा स्वामित्वहक्क मात्र पुढेही टिकतो. उलट, येत्या हंगामातली बाहुली कोणती आणि किती डॉलरना, ही माहिती कोणाची निर्मिती म्हणून नोंदवता येत नाही, पण मेळ्याच्या दिवशी ती लाखमोलाची असते. कायदा दोनच गोष्टी पाहतो: माहिती गुप्त असल्यामुळे तिला आर्थिक मोल आहे का, आणि ती गुप्त ठेवायला मालकाने वाजवी काळजी घेतली का. केवळ निमंत्रित दुकानदारांना दिलेला प्रवेश ही अशी काळजी. सर्वांना उघड्या असलेल्या सामायिक ड्राइव्हवर पडलेली फाइल ‘गोपनीय’ असा शिक्का मारूनही गुपित ठरेलच असे नाही.

कर्मचाऱ्याच्या डोक्यात बसलेले कसब, म्हणजे कापड कसे पडते किंवा एखादी प्रणाली कुठे अडते याची जाण, हे गुपित नव्हे. ते तो नव्या नोकरीत नेतो. स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट कॅलिफोर्नियात पूर्वीपासून निरर्थक आहे, आणि गुपिते ठाऊक असल्याने ती ‘उघड होणारच’ एवढ्या तर्कावर नवी नोकरी रोखायलाही तेथील न्यायालये तयार नाहीत. देशभर अशा अटींवर बंदी घालण्याचा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम टेक्सासच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केला. परिणामी कॅलिफोर्नियात कंपन्यांचे मुख्य शस्त्र व्यापारगुपित हेच राहिले, आणि २०१६ च्या फेडरल कायद्याने त्यासाठी थेट फेडरल न्यायालयाचे दार उघडले. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या ईमेलवर पाठवलेली एक फाइल अशा दाव्यात पुरावा बनते; पाठवणाऱ्याचा हेतू केवळ आठवण जपण्याचा असला तरी.

२०१३ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने एमजीएची गुपितांची भरपाई रद्द केली. चोरी झाली नाही असे न्यायालयाने म्हटले नाही. दोघे एकमेकांवर गुपितचोरीचा आरोप करतात एवढ्यावरून दोन दावे एकाच घटनेतले ठरत नाहीत, त्यामुळे उशिरा आलेला हा प्रतिदावा त्या खटल्यात बसत नव्हता, इतकेच. फी आणि खर्चाचा आदेश मात्र कायम राहिला. एमजीएने २०१४ मध्ये राज्य न्यायालयात नव्याने एक अब्ज डॉलरचा दावा लावला. गुपितचोरीच्या दाव्याला कॅलिफोर्नियात तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती चोरी पक्की कळल्यापासून नव्हे, रास्त संशय आल्यापासून मोजली जाते. एमजीएला असा संशय २००७ मध्येच होता, हे तिच्याच जुन्या कागदपत्रांवरून दिसले. दावा मुदतबाह्य ठरला, आणि २०१९ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.