शिबिरातला आकडा, उपाशीपोटीचा आकडा

साउथहॅम्प्टनमध्ये एखाद्या सणाच्या कार्यक्रमात आरोग्य शिबिराचं टेबल मांडलं, की जेवणाची रांग थेट तिकडे वळते. समजा, पंगतीतून उठून तासा-दीड तासाने आलेल्या पंचेचाळिशीच्या गृहस्थांच्या रक्तातल्या साखरेचा आकडा ९.२ आला. इथलं माप मिलिमोलचं. पुण्याच्या भावाला सांगायचं तर १८ने गुणायचं, म्हणजे १६६. भाऊ फोनवरच निदान करून मोकळा होतो: "मग झाला की तुला!"

तसं या आकड्यावरून म्हणता येत नाही. दिवसाच्या कुठल्याही वेळी मोजलेली साखर ११.१ किंवा त्याहून जास्त असेल आणि जोडीला खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील, तर प्रयोगशाळेतल्या तपासणीने मधुमेह ठरतो. ९.२ मध्ये भात किती, जिलबी किती आणि आजार किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यात बोट प्रसादाच्या केळ्याने चिकट असेल तर यंत्र फळाची साखरही मोजतं. संत्रं सोलल्यावर नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं तरी आकडा फुगलेलाच राहतो, असं जपानी संशोधकांना २०११मध्ये आढळलं. पाण्याने हात धुतल्यावर तो ताळ्यावर आला.

उलटी फसगत जास्त महागात पडते. उपाशी आलेल्या बाईंचा आकडा ५.८ दिसतो आणि त्या निश्चिंत होऊन घरी जातात. जेवणानंतर तोच किती चढतो, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

आपले गृहस्थ मात्र जीपीकडे गेले. आठ तास फक्त पाणी पिऊन शिरेतून रक्त दिलं: ६.३. इंग्लंडमध्ये ५.५ ते ६.९ म्हणजे मधुमेहाचा धोका जास्त. ७ किंवा त्यावर मधुमेह, पण लक्षणं नसतील तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासूनच. म्हणजे यांना मधुमेह नाही, पण दरवर्षी तपासणी हवी. एनएचएसच्या प्रतिबंध कार्यक्रमात पाठवायलाही हा आकडा पुरतो.

"पण मी तर सडपातळ!" ही तक्रार ठरलेली. याचं एक उत्तर याच शहराशी जोडलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची इथल्या बाळांशी तुलना केली. तिकडची सरासरी २.७ किलोची, इथली ३.५ची. तरी लहानग्या बाळांच्या पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. इथे दक्षिण आशियाई माणसाचा बीएमआय २३ झाला, की धोका वाढला असं धरतात. गोऱ्यांसाठी ही रेघ २५ची.

जीपी बहुधा एचबीएवनसी काढतात. त्याला उपाशी राहावं लागत नाही, आणि त्यात ४२ ते ४७ म्हणजे काठावर. मात्र लोह कमी असलेल्या बाईंचा हा आकडा उगाच चढलेला असू शकतो. तिथे उपाशीपोटीची साखर पाहणंच बरं.