शाळेच्या फोटोतले मुरूम पुसावेत का?

परवा एक आई दहावीतल्या मुलीला खोकल्यासाठी घेऊन आली. जाता जाता तिने मोबाइल पुढे केला. शाळेच्या फोटोग्राफरने मुलीचा फोटो 'क्लीन' करून नमुना पाठवला होता. मुरूम गेले होते, पण रंगही उजळला होता आणि हनुवटीवरचा तीळ गायब होता. "डॉक्टर, छान दिसतेय ना?" आईने विचारलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

माझं मत सांगतो. मुरूम हा पाहुणा आहे, दोन-तीन आठवड्यांत जातो. मुलांनी स्वतः मागितलं तर तो फोटोतून पुसायला माझी हरकत नाही. तीळ, रंग, नाकाचा आकार ही मात्र त्यांची ओळख आहे. ती आईवडिलांनीच पुसायला सांगितली, तर मूल त्याचा अर्थ एवढाच लावतं की घरच्यांनाही मी अशी नको आहे. आणि परीक्षेच्या फॉर्मवरच्या फोटोला तर हातच लावू नका. तो ओळख पटवण्यासाठी असतो.

मी त्या ताईंना म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं ते आधी सांगू नका, तिलाच विचारा, यात तुला काही बदलायचं आहे का? आणि मग थोडं गप्प बसा." मुलगी जरा वेळाने म्हणाली, "दोन मुरूम काढा. पण तीळ कशाला काढला?" फोटोचा प्रश्न तिथेच सुटला.

मग खरे मुरूम राहिले. "बाहेरचं खाणं बंद कर, तोंड नीट धू" असं तिला रोज ऐकवलं जात होतं. मुरूम अस्वच्छतेने होत नाहीत. वयात येताना हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त काम करतात आणि छिद्रं बुजतात. तिला रात्री लावायला अ‍ॅडापलीन जेल दिलं, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं. सुरुवातीला कातडी कोरडी पडते आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बरेच जण त्याआधीच सोडून देतात. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं 'गोरं करणारं' मिक्स क्रीम मात्र लावू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा चकाकतो, मग मुरूम दुपटीने येतात आणि कातडी पातळ होते.

मुलीला मुरमांबरोबर हनुवटीवर राठ केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर तपासणी करून घ्या.

एक गोष्ट मात्र फोटोपुरती नसते. मूल रोज तास-तासभर आरशासमोर दोष शोधत असेल, फोटोच नको म्हणत असेल, त्यापायी शाळा बुडवत असेल, तर ते नखरे नव्हेत. तिथे फोटो सुधारून उपयोग होत नाही, उलट पुढचा दोष सापडतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आपल्याकडे घाटीत ती ओपीडी आहे.